क्रेडिट कार्डाचा कॅशबॅक कमी आला? असा तपासा हिशोब

माझ्या कार्डावर ऑनलाइन खरेदीला ५ टक्के आणि दुकानातल्या खरेदीला १ टक्का कॅशबॅक आहे. ऑक्टोबरमध्ये मोबाईलवर आलेले मेसेज जोडून मी १८,४०० रुपयांचा ऑनलाइन खर्च काढला. म्हणजे ९२० रुपये यायला हवे होते. जमा झाले फक्त २५०!

कस्टमर केअरला फोन लावण्याआधी स्टेटमेंट आणि ऑफरच्या अटींची पीडीएफ शेजारी शेजारी उघडली. अटी खरेदीच्या तारखेला लागू असलेल्याच बघायच्या, बँका त्या मधूनमधून बदलतात. माझी बँक कॅशबॅक पुढच्या महिन्यात देते. त्यामुळे नोव्हेंबरच्या स्टेटमेंटमधली जमा रक्कम ऑक्टोबरच्या खर्चाशी ताडून बघावी लागली.

पहिली चूक माझीच निघाली. १४ तारखेचं ४,६०० रुपयांचं हॉटेल बुकिंग, स्टेटमेंट १५ ला बनलं तेव्हा पेंडिंगच होतं. मेसेज आला म्हणजे खर्च त्या महिन्यात धरला जातोच असं नाही. त्याचे २३० रुपये पुढच्या खेपेला. २,४६० रुपयांचे कपडे परत केले होते, त्यामुळे त्यांचे १२३ गेले.

महावितरणचं ३,१४० रुपयांचं लाइट बिल आणि वॉलेटमध्ये टाकलेले २,००० रुपये मी ऑनलाइनच भरले होते, पण दोन्ही प्रकार अटींमध्ये वगळलेले आहेत. बँक आपण काय घेतलं ते बघत नाही, पैसे घेणाऱ्याचा चार आकडी मर्चंट कॅटेगरी कोड बघते. वीज-पाणी बिलांचा कोड ४९००, वॉलेट भरण्याचा ६५४०. हा कोड स्टेटमेंटवर बहुधा छापलेला नसतो, बँकेला विचारावा लागतो. इथे १५७ आणि १०० रुपये कमी झाले.

उरले दोन व्यवहार. ४,७०० रुपयांच्या मिक्सरचे २३५ बरोबर आले होते. १,५०० रुपयांच्या पुस्तकांचे मात्र ७५ ऐवजी १५ च! सीताबर्डीतल्या दुकानाच्या वेबसाइटवरून मागवली होती आणि पैसे तिथेच कार्डाने भरले होते, पण बँकेने ती दुकानातली खरेदी धरली. (घरी डिलिव्हरीवाल्याच्या मशीनवर कार्ड स्वाइप केलं असतं, तर १ टक्का बरोबर ठरला असता.)

म्हणजे ६७० रुपयांच्या फरकातले माझ्या हक्काचे फक्त ६०. 'कॅशबॅक कमी आला' एवढंच लिहिलं असतं तर अटींची लिंक पाठवून बँकेने तक्रार बंद केली असती. मी त्या एकाच व्यवहाराची तारीख, रक्कम, रेफरन्स नंबर लिहिला, वेबसाइटची पावती जोडली आणि तो कोणत्या कोडखाली, ऑनलाइन की ऑफलाइन नोंदला ते विचारलं. तक्रार क्रमांक जपून ठेवला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तोच लागतो.