वृत्तकक्षातील निरीक्षण आणि ‘सघन वर्णन’

१४. सघन वर्णन : मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये रूढ केलेली संज्ञा, कृतीबरोबर तिचा संदर्भ आणि करणाऱ्याच्या लेखी असलेला अर्थही नोंदवणे. हर्बर्ट गॅन्स यांनी सीबीएस, एनबीसी, ‘न्यूजवीक’ व ‘टाइम’ यांच्या वृत्तकक्षांचा प्रत्यक्ष निरीक्षणातून अभ्यास केला (ग्रंथ १९७९). प्रवेशाची परवानगी वरिष्ठ देतात; पण उपसंपादकाने शेजारी बसू देणे हे विश्वासावर ठरते आणि तो रोज टिकवावा लागतो. ‘बातमी वगळली’ ही नोंद विरळ. पान सुटायच्या वेळी ती कोणी, काय म्हणून काढली, जागी काय लावले आणि कोणी हरकत घेतली नाही, हे आल्यावर ती सघन होते. धावत्या टिपणांतले हे तपशील लवकर विरतात. म्हणून त्याच रात्री ती विस्ताराने लिहून काढावीत. — संपा.