अल्फा ०.८१ आला, म्हणजे नक्की काय आलं?

समजा, नर्सिंगच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही हात धुण्याविषयीच्या वृत्तीची दहा विधानांची मापनश्रेणी केलीत, गुण १ ते ५. क्रॉनबॅक अल्फा ०.८१ आला आणि तुम्ही लिहिलंत, ‘श्रेणी वैध आहे.’ इथेच गफलत होते.

हा आकडा आला कुठून ते बघा. १९१० मध्ये स्पिअरमन आणि ब्राउन यांनी चाचणीचे दोन भाग करून त्यांच्या सहसंबंधावरून विश्वसनीयता काढली. पण सम-विषम भाग केले तर एक उत्तर, पहिले-शेवटचे केले तर दुसरंच! १९३७ मध्ये क्यूडर-रिचर्डसन यांनी विभागणीच टाळली. त्यांचं सूत्र मात्र बरोबर-चूक उत्तरांपुरतं. १ ते ५ गुणांनाही चालणारं रूप १९५१ मध्ये ली क्रॉनबॅक यांच्या लेखाने रूढ झालं. (गटमन यांनी ते १९४५ मध्येच दिलं होतं, नाव राहिलं क्रॉनबॅकचं.)

अल्फा सांगतो ते विधानांचं आपापसातलं जुळणं. सरासरी सहसंबंध ०.३ असेल तर दहा विधानांना ०.८१ मिळतो, तशीच वीस घेतलीत तर ०.९०. विधानं सुधारली नाहीत, फक्त वाढली.

वैधतेचं काय? १९५५ मध्ये क्रॉनबॅक यांनीच पॉल मील यांच्यासोबत संकल्पना-वैधतेवर लिहिलं. काही विद्यार्थिनी चांगलं दिसावं म्हणून सगळीकडे वरचे गुण देतात, काही देत नाहीत. अल्फा छान येतो, पण मोजली जाते ती चांगलं दिसण्याची हौस. म्हणून वॉर्डात निरीक्षण करा: जास्त गुणवाल्या खरंच जास्त वेळा हात धुतात का?