π च्या अंकांत दडलेला प्रश्न : वास्तववाद आणि अंतःप्रज्ञावाद

मागच्या व्याख्यानात आपण हिल्बर्टपाशी थांबलो होतो. आज त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे, ॲमस्टरडॅमच्या ब्राउअरकडे वळू. 1907 मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी तर्कशास्त्राच्या नियमांवर भरवसा ठेवता येत नाही, असे सांगणारा निबंध छापला. त्याचा रोख होता विमध्य नियमावर. कोणतेही विधान घ्या, ते तरी खरे किंवा त्याचा नकार तरी खरा; तिसरा पर्याय नाही, असा हा नियम. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला. यात वाद घालण्यासारखे काय आहे, असे कुणालाही वाटेल.

पुढे 1920 नंतरच्या लेखनात ब्राउअरने एक उदाहरण घेतले, तेच आज आपण नीट पाहू. π च्या दशांश विस्तारात 0123456789 असे दहा अंक याच क्रमाने सलग येतात का? वास्तववादी म्हणतो, π आपल्या आधीपासून आहे, त्याचे सगळे अंक ठरलेले आहेत. तेव्हा हा क्रम त्यात एकतर आहे किंवा नाही. आपल्याला ठाऊक नाही, हा आपल्या ज्ञानाचा तोकडेपणा, π चा नव्हे. ब्राउअर म्हणतो, थांबा. π म्हणजे कुठेतरी लिहून ठेवलेली यादी नाही. π म्हणजे एकामागून एक अंक काढण्याची रीत. ही रीत कधीच संपत नाही, त्यामुळे ‘सगळे अंक’ असे काही तयार होऊन पडलेलेच नसते. ‘आहे’ म्हणायचे तर क्रम दाखवा. ‘नाही’ म्हणायचे तर तो असता तर विसंगती आली असती, हे सिद्ध करा. दोन्ही हातात नसताना ‘आहे किंवा नाही’ म्हणण्याला आधार कसला?

पेटीत लाल गोटी आहे का, हे आपण सगळ्या गोट्या काढून बघू शकतो, म्हणून तिथे विमध्य नियम चालतो. ब्राउअरचा आक्षेप एवढाच, की मर्यादित समूहांवरून शिकलेली सवय आपण विचार न करता अनंतावर नेली.

आता यातून एक संख्या बनवू. तो क्रम पहिल्यांदा k व्या स्थानी सुरू झाला, तर r म्हणजे ½ चा k वा घात; कधीच आला नाही, तर r शून्य. ही संख्या ब्राउअरलाही मान्य आहे, कारण ती हव्या तितक्या अचूकतेने काढता येते. पहिल्या हजार स्थानी क्रम सुरू झाला नाही, तर r ही ½ च्या हजाराव्या घातापेक्षा लहान, एवढे नक्की. पण ‘r शून्य आहे किंवा नाही’ हे मात्र तो म्हणू देत नाही. म्हणजे वस्तू आहे, पण तिच्याविषयीचा प्रत्येक प्रश्न आधीच सुटलेला नाही. पुढे 1930 च्या सुमारास ब्राउअरच्या शिष्याने, हेटिंगने, हे नेमके मांडले : ‘अ किंवा ब’ ची सिद्धता म्हणजे दोहोंपैकी एकाची सिद्धता हाती असणे, ‘अशी संख्या आहे’ याची सिद्धता म्हणजे ती संख्या काढून देण्याची रीत.

हिल्बर्ट चिडला. गणितज्ञाकडून हा नियम काढून घेणे म्हणजे मुष्टियोद्ध्याला मुठी वापरायला बंदी करणे, अशा अर्थाचे तो बोलला.

आणि मग 1997 मध्ये जपानच्या कानादांच्या संगणकीय गणनेत तो क्रम सापडला, सुमारे 1,738 कोटींव्या स्थानी. मग ब्राउअर हरला का? नाही. हे उदाहरण जुने झाले, एवढेच. सलग हजार साते येतात का, असे विचारा, की युक्तिवाद पुन्हा उभा.

पण खरी अडचण दुसरीकडेच आहे. 1873 मध्ये शँक्सने हाताने π ची 707 स्थाने दिली; त्यातली पहिली 527 च बरोबर होती. चूक उघड झाली सत्तर वर्षांनी. मधल्या काळात 528 वा अंक चुकीचाच होता ना? अंतःप्रज्ञावादीही ‘हो’ म्हणतो, कारण तो अंक काढण्याची रीत होती. तसेच ‘2,000 कोटी स्थानांच्या आत हा क्रम आहे किंवा नाही’ हे ब्राउअर त्याच्या काळीही मान्य करील, जरी तेवढी आकडेमोड कुणाच्याही आयुष्यात मावणारी नव्हती. म्हणजे ‘तत्त्वतः काढता येते’ हे त्याला पुरते. पण तत्त्वतः म्हणजे कुणाला? कुणीही न केलेल्या गणनेचे उत्तर आधीच ठरलेले असेल, तर वास्तववाद्याला दारातून बाहेर घालवून आपण खिडकीतून आत घेतला नाही का?

काही मर्यादावाद्यांनी म्हणूनच ही ‘तत्त्वतः’ची सवलतही नाकारली. पण मग कितव्या अंकापर्यंत रेघ ओढायची, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून आपला प्रश्न आता असा उरतो : ‘काढता येणे’ आणि ‘असणे’ यांत नेमके अंतर किती? पुढच्या वेळी आपण गोडेलकडे जाऊ, तो याच जागी वास्तववादाची बाजू घेतो.