शंकूची साक्ष

सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि दूर गेला की हिवाळा, ही समजूत अजूनही पुष्कळ घरांतून आढळते. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, आपण शेकोटी पेटवतो तेव्हा. जुलैच्या आरंभी ती सुमारे ५० लाख किलोमीटर अधिक दूर असते. या फरकाने उष्णता शेकडा ७ इतकीच कमी-जास्त होते. शिवाय अंतर हेच कारण असते, तर आपल्याकडे आणि ऑस्ट्रेलियात उन्हाळा एकदमच आला असता.

खरे कारण निराळे आहे. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असून वर्षभर तो एकाच दिशेला रोखलेला राहतो. म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये त्याच्यापासून कललेला.

आपल्या ज्योतिष्यांनी याचे माप सावलीने घेतले. बारा अंगुळे उंचीचा शंकू सपाट जागी उभा करायचा आणि भर मध्यान्ही त्याची सावली मोजायची. पुण्यास २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास ती चार अंगुळे भरते. हे विषुवदिन, तेव्हा आस सूर्याकडेही झुकलेला नसतो आणि उलटही नसतो, आणि दिवस-रात्र जवळजवळ समान असतात. या सावलीला पलभा म्हणत, आणि तिच्यावरून गावाचे अक्षांश निघत. २२ डिसेंबरच्या सुमारास तीच सावली जवळजवळ अकरा अंगुळे होते. किरण तिरपे पडून तेवढेच ऊन अधिक जागेवर पसरते, आणि दिवसही अकराच तासांचा असतो. २१ जूनला सावली जेमतेम एक अंगुळ, तीही दक्षिणेकडे! या दोन टोकांना सावली काही दिवस थबकते आणि मग मागे वळते. तेच अयनबिंदू.

हे वळणे ताऱ्यांच्या हिशेबाने मात्र स्थिर नाही. जुन्या ग्रंथांत दक्षिणायन आश्लेषांच्या मध्यावर सुरू होते असे सांगितले होते. सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहिले की आता ते कर्केच्या आरंभी होते. ज्याला संशय असेल त्याने मोठ्या वर्तुळात पडणाऱ्या सावलीच्या खुणांनी स्वतः पाहावे. ग्रंथापेक्षा सावलीची साक्ष मोठी मानणारा हा माणूस मला फार थोर वाटतो.

भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे पृथ्वीचा आसही सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, हे त्यामागचे कारण. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी येत. आज आपण संक्रांत ताऱ्यांवरून धरतो, म्हणून ती १४-१५ जानेवारीला येते; सूर्य मात्र डिसेंबरातच उत्तरेकडे वळलेला असतो. तिळगूळ खुशाल संक्रांतीलाच वाटावा. परंतु उत्तरायण केव्हा लागले, हे अंगणातल्या काठीलाच विचारावे.