वारा पडला की

आमच्या मोहोपाड्यात पूर्वी कोंबडी मेली तर ती मानमोडीनं मरायची, नाहीतर मुंगूस न्यायचं. उन्हानं मेलेली कोणी फारशी बघितली नव्हती. गावठी कोंबडी खुराड्यातून सुटली की सकाळीच चरून घ्यायची. ऊन चढलं की आंब्याखाली मातीत खळगा करून, पंख पसरून पडायची. दुपारी दाणा टाकला तरी ढुंकून बघायची नाही. घरच्यांनी सावलीत परळात पाणी भरून ठेवायचं, एवढंच काम.

१९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली. पुढं ब्रॉयलर कोंबडी खालापूर-कर्जतच्या शेडांत आली. चाळीस दिवसांत दोन किलो भरणारा पक्षी, आणि त्याला जागा जेमतेम एक चौरस फूट. त्यानं सावली कुठं शोधायची? मग माणसानं शेड पूर्व-पश्चिम लांब बांधली, पत्र्यावर पेंढा टाकला, जाळीला ओलं गोणपाट लावलं.

ओल्या गोणपाटाचा खरा गुण देशावरच्या कोरड्या हवेत. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकते, तेव्हा घशातली ओल उडते आणि तिचं अंग निवतं. आमच्याकडं मे अखेरीस मळभ येतं, वारा पडतो, हवा आधीच दमट. त्यात पाणी फवारलं की ती ओल उडतच नाही. उलट खालचं तूस भिजतं आणि वासानं डोळे झोंबतात.

भारनियमनाच्या काळात शेजारच्या शेडात हजार पक्षी होते, अडतीस दिवसांचे. पंखे बंद, वारा पडलेला. भर उन्हात तगले आणि चार वाजता मरायला लागले, तेही जाडजूड आधी. उघडून बघितलं तर गळ्याखालची पिशवी दाण्यानं टच्च. दुपारी खाल्लेलं पचताना अंगातच ऊब तयार होते, आणि बाहेरचा उकाडा ती जाऊ देत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पहाटे चारला खाद्य द्यायला सुरुवात केली. नऊला भांडी वर टांगायची, ती संध्याकाळी सहाला उतरवायची. पाणी मात्र दिवसभर चालू. काळ्या टाकीतलं पाणी तापतं नि पक्षी ते पीत नाही, म्हणून टाकीवर मांडव घातला. दुपारी तासातासानं कोणीतरी शेडातून सावकाश फिरायचं. बसलेला पक्षी उठतो, तशी पोटाखाली कोंडलेली ऊब निघून जाते. घाई केली तर ते एकमेकांवर चढून गुदमरतात.

पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकणारा पक्षी अजून हाती असतो. मान लांब करून, डोळे मिटून पडलेला बहुतेक जातो. खाद्य उचललं की वजन दोन-तीन दिवस मागं पडतं, आणि व्यापाऱ्याला ते आवडत नाही. म्हणून जड पक्षी रात्रीच्या गारव्यात आधी विकायचे. शेडात जागा होते, आणि उरलेल्यांना वारा लागतो.