परतावा दोघांचाही 20 टक्के, मग धोका वेगळा कसा? तेंदूपत्त्याच्या व्यापारातून समजून घ्या ड्युपाँट विश्लेषण

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. गावोगावचे लोक पहाटे जंगलात जाऊन पाने तोडतात, 70 पानांचा एक पुडा बांधतात आणि असे 1000 पुडे मिळून एक प्रमाण गोणी होते. वाळलेला पत्ता व्यापारी विडी कारखान्यांना विकतात. हंगाम काही आठवड्यांचाच असतो. पाऊस सुरू झाला की पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद पडतो, त्यामुळे माल त्याआधीच उचलावा लागतो.

म्हणजे या धंद्यात खरेदीचा पैसा एकदम लागतो आणि विक्रीचा पैसा हळूहळू येतो. ड्युपाँट विश्लेषण समजून घ्यायला म्हणूनच हा व्यवसाय सोयीचा आहे. त्यासाठी आपण दोन काल्पनिक फर्म घेऊ, ‘अ’ आणि ‘ब’. खालील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.

प्रश्न काय आहे?

दोन्ही फर्ममध्ये मालकांचे स्वतःचे भांडवल 50 लाख रुपये आहे. दोघांनाही वर्षाला 10 लाख रुपये निव्वळ नफा झाला. नफ्याला स्वतःच्या भांडवलाने भागले की भांडवलावरील परतावा मिळतो. यालाच रिटर्न ऑन इक्विटी किंवा आरओई म्हणतात. इथे तो दोघांचाही 20 टक्के आहे.

मग दोन्ही फर्म सारख्याच चांगल्या म्हणायच्या का? हे ठरवण्यासाठी 20 टक्के आले कुठून ते पाहावे लागते.

ड्युपाँट सूत्र काय सांगते?

ड्युपाँट ही अमेरिकेतील जुनी कंपनी, 1802 मध्ये बंदुकीच्या दारूच्या कारखान्यापासून सुरू झालेली. 1910 च्या दशकात तिथल्या डोनाल्डसन ब्राऊन यांनी परताव्याची फोड मार्जिन आणि उलाढाल अशा दोन भागांत केली. कर्जाचा परिणाम दाखवणारा तिसरा भाग पुढे जोडला गेला. आजचे सूत्र असे आहे:

आरओई = मार्जिन × मालमत्ता उलाढाल × लिव्हरेज

मार्जिन म्हणजे विक्रीच्या 100 रुपयांमागे उरलेला निव्वळ नफा. मालमत्ता उलाढाल म्हणजे धंद्यात गुंतलेल्या प्रत्येक रुपयामागे वर्षात किती रुपयांची विक्री झाली. लिव्हरेज म्हणजे एकूण मालमत्ता स्वतःच्या भांडवलाच्या किती पट आहे. ही पट जितकी मोठी, तितका उधारीचा पैसा जास्त.

दोन फर्मची फोड

‘अ’ फर्म पत्ता वाळला की लगेच विकते. भाव थोडा कमी मिळाला तरी चालतो, पैसा मोकळा झाला पाहिजे असे तिचे धोरण आहे. ‘ब’ फर्म माल गोदामात ठेवते आणि भाव चढण्याची वाट पाहते. तोवर लागणारा पैसा ती बँकेकडून घेते.

| | अ | ब |
|---|---|---|
| वार्षिक विक्री | 200 लाख | 125 लाख |
| निव्वळ नफा | 10 लाख | 10 लाख |
| एकूण मालमत्ता (वर्षाची सरासरी) | 80 लाख | 125 लाख |
| स्वतःचे भांडवल | 50 लाख | 50 लाख |
| मार्जिन | 5 टक्के | 8 टक्के |
| उलाढाल | 2.5 पट | 1 पट |
| लिव्हरेज | 1.6 पट | 2.5 पट |
| आरओई | 20 टक्के | 20 टक्के |

नुसते मार्जिन पाहिले तर ‘ब’ हुशार वाटते. पण मार्जिन आणि उलाढाल यांचा गुणाकार केला की चित्र पालटते. ‘अ’ आपल्या मालमत्तेवर 12.5 टक्के कमावते, ‘ब’ फक्त 8 टक्के. ‘ब’चा परतावा 20 टक्क्यांपर्यंत पोहोचतो तो कर्जामुळे.

वाईट वर्षी कोण जास्त अडचणीत?

‘अ’वर सरासरी 30 लाखांचे आणि ‘ब’वर 75 लाखांचे कर्ज आहे. व्याजदर 12 टक्के धरला तर व्याज अनुक्रमे 3.6 लाख आणि 9 लाख होते. म्हणजे व्याज देण्याआधी ‘अ’कडे 13.6 लाख उरतात आणि ‘ब’कडे 19 लाख. सोयीसाठी कर बाजूला ठेवू.

आता समजा, कारखान्यांची मागणी घटली आणि दोघांचीही विक्री निम्मी झाली. इतर खर्चही निम्मा झाला असे धरले तर व्याजाआधीची रक्कम निम्मी होईल, पण व्याज तेवढेच राहील. ‘अ’चा नफा 3.2 लाखांवर येईल आणि आरओई 6.4 टक्के होईल. ‘ब’चा नफा जेमतेम 50 हजार आणि आरओई 1 टक्का. कर्जाचा धोका तो हाच.

पण ‘अ’ सुरक्षित आहे असेही नाही. समजा, खरेदीचा दर चढला आणि विक्रीच्या दर 100 रुपयांमागे 3 रुपये जास्त खर्च झाले. ‘अ’चे 6 लाख जातील आणि आरओई 8 टक्क्यांवर येईल. ‘ब’चे 3.75 लाख जातील, पण आरओई 12.5 टक्के राहील. कमी मार्जिनवर चालणाऱ्या धंद्याला खरेदीतली चूक परवडत नाही. कोणत्या फर्मला कशाची भीती आहे, हे या फोडीतून आधीच कळते.

31 मार्चचा चकवा

ताळेबंद साधारणपणे 31 मार्चचा असतो. तेंदूपत्त्याचा नवा हंगाम त्यानंतर सुरू होतो. समजा, ‘ब’ने मार्चअखेर सगळा माल विकून कर्ज फेडले आणि त्या दिवशी मालमत्ता फक्त 55 लाख उरली. आता फक्त हा आकडा घेतला तर उलाढाल सुमारे 2.27 पट आणि लिव्हरेज 1.1 पट दिसते. आरओई 20 टक्केच राहतो, पण ‘ब’ जवळपास कर्जमुक्त आणि भरभर विक्री करणारी फर्म भासते.

हा चकवा व्याजाच्या आकड्यावरून पकडता येतो. ताळेबंदात फक्त 5 लाखांचे देणे आणि नफा-तोटा पत्रकात मात्र 9 लाखांचे व्याज, हा मेळ बसत नाही. याचा अर्थ वर्षभर कर्ज मोठे होते आणि मार्चअखेर ते फेडले गेले. त्यामुळे हंगामी धंद्यात मालमत्तेची मासिक किंवा तिमाही सरासरी घ्यावी. शेअर बाजारातील साखर किंवा खतांच्या कंपन्यांनाही हेच लागू पडते.

आणखी एक मर्यादा

मोठ्या तोट्यामुळे स्वतःचे भांडवल घटले की लिव्हरेज आपोआप वाढते. पुढच्या वर्षी थोडासा नफा झाला तरी आरओई मोठा दिसतो. म्हणून आरओई अचानक वाढलेला दिसला की तिन्ही घटकांपैकी कोणता हलला ते पाहावे. मार्जिन किंवा उलाढाल वाढली असेल तर धंदा सुधारला असण्याची शक्यता आहे. फक्त लिव्हरेज वाढले असेल तर कर्ज वाढले की भांडवल आटले, हे ताळेबंदात तपासावे.