पिकाची पाण्याची गरज

पिकाची पाण्याची गरज म्हणजे रोगमुक्त, ओलाव्याचा ताण नसलेल्या पिकाच्या शेतातून जमिनीवरील बाष्पीभवन आणि पानांतून होणारे उत्सर्जन मिळून जाणारे पाणी होय. ती मिलिमीटर प्रतिदिन या एककात मोजतात. १ मिमी पाणी म्हणजे हेक्टरी १० घनमीटर.

== सूत्र ==

ETc = Kc × ETo

येथे ETc ही पिकाची गरज, ETo हे संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन आणि Kc हा पीक गुणांक आहे. ETo हवामानावर अवलंबून असते. ०.१२ मीटर उंचीच्या, भरपूर पाणी मिळालेल्या काल्पनिक गवताच्या आच्छादनातून किती पाणी जाईल, हे ते सांगते. तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश यांवरून ते पेनमन-मॉन्टिथ समीकरणाने काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५६ व्या सिंचन पुस्तिकेत ही पद्धत दिली आहे. Kc पिकाचा प्रकार व अवस्था दर्शवतो. गव्हासाठी तो मध्यावस्थेत सुमारे १.१५ असून दाणे पक्व होताना बराच घटतो.

== उदाहरण ==

मध्यम काळ्या जमिनीतील गहू ओंबीवर आला आहे. ETo ४.२ मिमी प्रतिदिन आणि पाऊस नाही, असे मानू.

* दैनिक गरज: १.१५ × ४.२ = ४.८३ मिमी.
* जमिनीत पिकास उपलब्ध होणारे पाणी मीटरला १६० मिमी आणि मुळांची खोली ०.९ मीटर असल्यास एकूण साठा १४४ मिमी.
* गव्हाला ताण न बसता यातील सुमारे ५५ टक्के, म्हणजे ७९ मिमी पाणी वापरता येते.
* पाळीचे अंतर: ७९ ÷ ४.८३ = १६.४, म्हणून १६ दिवस.
* १६ दिवसांत वापरले गेलेले पाणी: सुमारे ७७ मिमी.
* सिंचन कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास द्यावयाचे पाणी: ७७ ÷ ०.६ = १२८ मिमी, म्हणजे हेक्टरी सुमारे १,२८० घनमीटर.

या काळात पाऊस झाल्यास मुळांच्या थरात मुरलेले पाणी वापरातून वजा करून पाळी पुढे ढकलतात.

== मर्यादा ==

हेच अंतर सर्व हंगामाला लावता येत नाही. पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटताना मुळे ०.३ मीटर खोल धरल्यास साठा ४८ मिमी आणि वापरता येण्याजोगे पाणी केवळ २६ मिमी असते. त्या वेळी ७७ मिमी पाणी मुरवल्यास त्याचा मोठा भाग मुळांखाली झिरपतो.

बाष्पीभवन पात्राचे वाचन थेट ETo म्हणून वापरणे ही नेहमीची चूक आहे. पात्रातून गवतापेक्षा अधिक पाणी उडत असल्याने वाचनास प्रथम पात्र गुणांकाने गुणावे लागते. तसे न केल्यास गरज फुगते आणि पाळ्या लवकर येतात. पाळीपूर्वी गिरमिटाने घेतलेला खालच्या थरातील मातीचा नमुना ओलाच आढळला, तर गणित तपासणे आवश्यक ठरते.